भुसावळची फाइल: एका बगच्या प्रश्नाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जळगावात आमचे सॉफ्टवेअरचे छोटे काम आहे. रावेर, यावल, भुसावळ आणि एरंडोल या चार तालुक्यांतून केळी घेणाऱ्या एका खरेदी केंद्रासाठी आम्ही वजनाचा हिशेब करणारा पायथन प्रोग्राम लिहून दिला होता. केंद्रावरच्या ताई रोज संध्याकाळी काटापावत्या एक्सेलमध्ये भरतात, प्रत्येक गावाची वेगळी सीएसव्ही फाइल करतात आणि प्रोग्रामला देतात. फाइलीत शीर्षकाची ओळ नसते. गाव, शेतकऱ्याचा खाते क्रमांक आणि क्विंटलमधले वजन एवढेच तीन रकाने असतात. प्रोग्राम गावानुसार बेरीज करून एक पान छापतो आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी पैसे निघतात.

प्रोग्राम लिहिणारा माझा सहकारी पंचविशीतला. त्याचा लॅपटॉप उबुंटूचा, केंद्रावरचा संगणक विंडोजचा. प्रकरण सगळे या एका फरकाभोवती फिरते, पण पहिले तीन दिवस आमच्यापैकी कोणाच्याही ते डोक्यात आले नाही.

अडचण

पहिल्याच आठवड्यात ताईंचा फोन आला. रावेर आणि यावलच्या फाइली चालतात, भुसावळची दिली की काळी खिडकी क्षणभर दिसते आणि बंद होते. एरंडोलचेही तसेच. त्यांनी त्याच फोनवर आणखी एक गोष्ट सांगितली होती: रावेरच्या छापील पानावर गावाच्या नावाच्या जागी विचित्र चिन्हे येतात, बेरीज मात्र बरोबर असते.

माझ्या सहकाऱ्याने याच्या दोन वेगळ्या नोंदी केल्या. पहिली, भुसावळची फाइल खराब आहे. दुसरी, प्रिंटरमध्ये मराठी फॉन्ट नाही. फॉन्टचे नंतर बघू म्हणून ती नोंद बाजूला पडली. ताईंनी एका दमात सांगितलेल्या दोन गोष्टी एकाच दोषाच्या आहेत हे आम्हाला पुढे कळले. ऐकणारा मनात वर्गवारी करत ऐकतो, आणि त्या वर्गवारीत पुरावा हरवतो. इथे तेच झाले.

पहिला प्रश्न

दोन रात्री डोके लावून झाल्यावर त्याने विकसकांच्या एका मंचावर प्रश्न टाकला. प्रश्न इंग्रजीत होता, मी आशय मराठीत देतो. शीर्षक होते, "पायथनमध्ये सीएसव्ही वाचताना एरर, तातडीची मदत हवी". खाली लिहिले होते, की माझ्याकडे केळी खरेदीचा प्रोग्राम आहे, काही फाइली चालतात, काहींना एन्कोडिंगचा एरर येतो, सगळे करून पाहिले. त्याखाली प्रोग्रामच्या सगळ्या 340 ओळी आणि ताईंनी व्हॉट्सॲपवर पाठवलेला पडद्याचा तिरका फोटो. फोटोत एररची शेवटची ओळ अर्धी कापलेली होती.

दोन तासांत दोन प्रतिक्रिया आल्या. एकाने पूर्ण एरर मजकूर मागितला. दुसऱ्याने लिहिले की तुमच्या कोडमध्ये डेटाबेसचा पासवर्ड दिसतोय. सकाळपर्यंत प्रश्न अपुऱ्या तपशिलामुळे बंद झाला होता.

पासवर्डचे थोडे सविस्तर सांगतो, कारण घाईत असे बऱ्याच जणांकडून होते. त्याने प्रश्न संपादित करून ती ओळ काढली आणि त्याला वाटले, झाले. पण अशा ठिकाणी जुन्या आवृत्त्या इतिहासात राहतात आणि कोणालाही उघडून पाहता येतात. ओळ पुसून उपयोग नसतो, पासवर्डच बदलावा लागतो. तो आम्ही त्याच सकाळी बदलला. छोटा कोड दिला असता तर डेटाबेसची ओळ त्यात आलीच नसती.

तो तोंड पाडून बसला होता. आमच्याकडे हिशेबाला येणारे धुळ्याचे काका आत येता येता म्हणाले, "काय व्हयनं रे भाऊ?" त्याने सगळे सांगितले. काकांना पायथन येत नाही, पण त्यांनी विचारले, "एरर काय आली ते वाचून दाखव." त्याला ती वाचून दाखवता आली नाही. दोन रात्री ज्या एररशी तो झगडत होता, तिचा मजकूर त्याच्याकडे कुठेच लिहिलेला नव्हता. खिडकी बंद व्हायची, फोटो अर्धा होता आणि "एन्कोडिंगचा एरर" हे त्याने स्वतः दिलेले नाव होते.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय तोच प्रश्न दुसरीकडे टाकण्याचा. तो मी लगेच बाजूला सारला. इथे जे अपुरे होते ते तिथेही अपुरेच राहणार होते.

दुसरा पर्याय त्याला कुठेतरी वाचायला मिळाला होता आणि फार मोहात पाडणारा होता: फाइल उघडताना `errors="ignore"` लिहायचे. त्याने तसे करून पाहिले आणि भुसावळची फाइल खरोखर चालली! पण पानावर गावाच्या जागी रावेरसारखीच चिन्हे आली. इथे मी हट्टाने थांबवले. या सूचनेचा अर्थ "जो बाइट समजत नाही तो टाकून दे" असा आहे. दोष तसाच राहतो, फक्त तो ओरडायचा बंद होतो. ज्या पानावरून लोकांचे पैसे निघतात, तिथे ओरडणारा प्रोग्राम गप्प बसणाऱ्यापेक्षा बरा.

तिसरा पर्याय ताईंना गावाची नावे इंग्रजी अक्षरांत लिहायला सांगण्याचा. हा उपाय नव्हता, पण कापणी जोरात होती आणि भुसावळच्या शेतकऱ्यांचे पैसे अडकले होते. म्हणून तेवढ्या दिवसांपुरते आम्ही तसे केले. त्यामुळे प्रश्न नीट लिहायला शांत वेळ मिळाला. "तातडीची मदत" हे शब्दही मग आपोआप गळून पडले.

चौथा पर्याय उरला: दोष लहान करत करत हातात मावेल एवढा करायचा आणि मग विचारायचे.

दोष लहान करताना

सुरुवात चुकलीच. त्याने भुसावळची फाइल आपल्या लॅपटॉपवर घेतली, प्रोग्राम चालवला, काहीच बिघाड नाही. गावाचे नाव स्वच्छ मराठीत आले. त्याचा निष्कर्ष होता की फाइल ठीक आहे, केंद्रावरचा संगणक खराब आहे. मी म्हटले, जिथे बिघाड होतो तिथेच लहान कर. जिथे होतच नाही तिथे ओळी उडवून काही कळणार नाही. ऑफिसात बिलिंगसाठी विंडोजचा एक संगणक आहे. त्यावर चालवल्यावर एरर पहिल्याच फटक्यात आली. ताईंचा संगणक त्या क्षणी निर्दोष ठरला.

आता खिडकी बंद होऊ नये म्हणून त्याने डबल क्लिक करायचे सोडून कमांड प्रॉम्प्टमधून प्रोग्राम चालवला, आणि एररचा मजकूर निवडून तसाच्या तसा एका नोंदवहीच्या फाइलीत चिकटवला. शेवटची ओळ अशी होती:

```
UnicodeDecodeError: 'charmap' codec can't decode byte 0x81 in position 8: character maps to <undefined>
```

मग छाटणी. आधी डेटाबेस काढला, एरर कायम. छपाई काढली, एरर कायम. बेरीज काढली, सीएसव्ही मॉड्यूलही काढले, नुसती फाइल उघडून वाचली, तरी एरर कायम. प्रत्येक छाटणीनंतर पुन्हा चालवून बघायचे, हा नियम त्याने पाळला. एकदम दहा गोष्टी उडवल्या आणि एरर गेली, तर कोणत्या गोष्टीने गेली ते कळत नाही.

कोड चार-पाच ओळींवर आल्यावर माहितीची पाळी आली. फाइलीत 200 हून जास्त ओळी होत्या. अर्ध्या ठेवल्या, एरर आली. त्यातल्या अर्ध्या ठेवल्या, आली. शेवटी एक ओळ उरली, मग त्या ओळीतला एकच शब्द: भुसावळ. आता फाइल बाहेरून जोडायचीही गरज उरली नाही. त्याने कोडमधूनच ती तयार केली, म्हणजे वाचणाऱ्याला काही उतरवून घ्यावे लागणार नाही.

इथे एक निर्णय त्याने स्वतःहून घेतला आणि तो फार मोलाचा ठरला. भुसावळच्या जागी त्याने इतर गावांची नावे घालून पाहिली. रावेर, यावल, जळगाव, चोपडा, अमळनेर, शिरपूर: एरर नाही, पण वाचलेला मजकूर कचरा. धुळे, नंदुरबार, एरंडोल: एरर. रावेरच्या बाबतीत पडद्यावर आले `à¤°à¤¾à¤µà¥‡à¤°`, म्हणजे ताईंच्या छापील पानावरची तीच चिन्हे. प्रिंटरच्या फॉन्टची नोंद त्याने तेव्हाच खोडली. दोष एकच होता. काही नावांवर तो अडखळत होता आणि काहींवर मुकाट्याने चुकीचे वाचत होता.

विचारलेला प्रश्न

दुसऱ्यांदा लिहिलेला प्रश्न मराठीत साधारण असा.

शीर्षक: "विंडोजवर `open()` ने मराठी मजकूर वाचताना `UnicodeDecodeError`, काही शब्दांनाच, उबुंटूवर नाही".

> खालचा कोड विंडोजवर एरर देतो. उबुंटूवर `भुसावळ` असे बरोबर छापतो. दोन्हीकडे `भुसावळ` छापले जावे अशी अपेक्षा आहे.

```python
with open("gav.csv", "wb") as f:
    f.write("भुसावळ".encode("utf-8"))

with open("gav.csv") as f:
    print(f.read())
```

```
UnicodeDecodeError: 'charmap' codec can't decode byte 0x81 in position 5: character maps to <undefined>
```

> `भुसावळ` ऐवजी `रावेर` लिहिले तर एरर येत नाही, पण `à¤°à¤¾à¤µà¥‡à¤°` असे छापले जाते. `errors="ignore"` दिल्यास एरर जाते, मजकूर चुकीचाच राहतो.
>
> बिघाड: विंडोज 10, पायथन 3.11, `locale.getpreferredencoding(False)` चे उत्तर `cp1252`. ठीक चालते: उबुंटू 22.04, पायथन 3.10, त्याच कमांडचे उत्तर `UTF-8`.

करून पाहिलेल्या सगळ्या गावांच्या नावांची यादी आणि एररच्या वरच्या ओळीही प्रश्नात पूर्ण दिल्या होत्या, इथे मी यादी गाळली आहे आणि एररची फक्त शेवटची ओळ ठेवली आहे. त्या वरच्या ओळींत `cp1252.py` या फाइलीचे नाव येते, आणि जाणकाराची नजर आधी तिथेच जाते. म्हणून शेवटची ओळ पुरेल असे समजून वरचे कापू नये.

परिसराची माहिती किती द्यायची यावर आमचा थोडा वाद झाला. त्याने रॅम, प्रोसेसर, एक्सेलची आवृत्ती, प्रिंटरचे मॉडेल असे सगळे लिहिले होते. मी विचारले, यातले बदलले तर दोष बदलेल असे कशाबद्दल वाटते? रॅम आणि प्रिंटर गेले. पायथनची आवृत्ती राहिली आणि ती राहायलाच हवी होती, कारण एन्कोडिंग न सांगता फाइल उघडली तर काय गृहीत धरायचे हे आवृत्तीवर ठरते. पायथन 3.15 पासून सगळीकडे यूटीएफ-8 गृहीत धरायचे ठरले आहे. आवृत्ती लिहिली नाही, तर तेव्हाचा वाचक म्हणेल, "माझ्याकडे तर चालते."

एक्सेलही त्या यादीतून गेले. ते मी काढायला लावले, आणि ती माझी चूक होती.

उत्तर आणि त्यानंतर

उत्तर तासाभरात आले. मराठीचे प्रत्येक अक्षर किंवा मात्रा यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटची असते. विंडोजवरचे पायथन फाइल `cp1252` समजून वाचते, म्हणजे प्रत्येक बाइटला एक स्वतंत्र चिन्ह मानते. म्हणून रावेरच्या पाच खुणांची पंधरा चिन्हे होतात. पण `cp1252` च्या तक्त्यात पाच जागा रिकाम्या आहेत: 81, 8D, 8F, 90 आणि 9D. ज्या मराठी खुणेत यांपैकी एखादा बाइट येतो, तिथे वाचन अडते. ऱ्हस्व उकाराची मात्रा 81 वर संपते, म्हणून भुसावळ, धुळे आणि नंदुरबार अडले. ए हे अक्षर 8F वर संपते, म्हणून एरंडोल. शिरपूरचा उकार दीर्घ असल्याने ते सुटले. हलन्ताची खूण 8D वर संपते, त्यामुळे जोडाक्षर असलेले प्रत्येक नाव अडले असते.

गावांच्या नावांची ती यादी प्रश्नात होती म्हणूनच उत्तर देणाऱ्याला एवढे नेमके सांगता आले, असे मला वाटते. नुसते भुसावळ दिले असते तर "एन्कोडिंग द्या" एवढेच मिळाले असते. काम झाले असते, पण रावेरचे पानही चुकीचेच आहे हे पक्के झाले नसते.

उपाय एका शब्दाचा होता, `open()` मध्ये `encoding="utf-8"`. आम्ही तो बसवला, चारही फाइली चालल्या, नावे मराठीत छापली. ताईंना इंग्रजी अक्षरांतून मोकळे केले.

दुसऱ्या संध्याकाळी ताईंचा फोन. "भाऊ, आता मराठी छान येतंय, पण रावेर दोनदा आलंय. एकात एकच पावती, दुसऱ्यात बाकीच्या."

पानावर दोन्ही ओळी डोळ्यांना सारख्याच दिसत होत्या. पण पहिल्या पावतीतले रावेर प्रोग्रामच्या लेखी वेगळे गाव होते. आम्ही पुन्हा उत्तर देणाऱ्याला विचारले, आणि त्याने पहिलाच प्रश्न केला: खरी फाइल कशातून तयार होते? एक्सेलमधून, "CSV UTF-8" हा प्रकार निवडून. साधा सीएसव्ही निवडला की मराठीच्या जागी प्रश्नचिन्हे येत होती, म्हणून ताईंनी स्वतः शोधून काढलेला तो मार्ग होता. त्या प्रकारात एक्सेल फाइलीच्या अगदी सुरुवातीला तीन बाइटची एक अदृश्य खूण घालते. `utf-8` म्हणून वाचले की ती खूण पहिल्या शब्दाला चिकटून राहते. `utf-8-sig` म्हणून वाचले की ती काढून टाकली जाते:

```python
with open(path, newline="", encoding="utf-8-sig") as f:
```

त्यानंतर रावेर एकदाच आले.

वेगळे काय करता आले असते

ताईंच्या पहिल्या फोनवरच्या दोन्ही गोष्टी एका नोंदीत ठेवायला हव्या होत्या, हे वर आलेच. रावेरचे ते पहिले, विचित्र चिन्हांचे पान मी नंतर मागवून घेतले. त्यावरही रावेरच्या दोन ओळी होत्या. पहिल्या ओळीत चिन्हांच्या आधी `ï»¿` ही तीन जादा चिन्हे होती. म्हणजे दुसरा दोष पहिल्या दिवसापासून कागदावर छापलेला होता. नाव वाचता येत नव्हते, म्हणून ओळी कोणी मोजल्या नाहीत.

दुसरी गोष्ट माझ्या मनात जास्त राहिली आहे. छोटा कोड बनवताना आम्ही माहिती स्वतः तयार केली. त्याने प्रश्न सुटसुटीत झाला, पण एक्सेलने घातलेली खूण छाटणीत गेली आणि ते आम्हाला कळले नाही. छाटलेल्या कोडची एरर आणि मूळ एरर तीच आहे का, हे आम्ही वरवर पाहिले: तेच नाव, तोच बाइट 81. पण मूळ एररमध्ये position 8 होते आणि छोट्या कोडमध्ये position 5. माझ्या सहकाऱ्याने हा फरक पाहिला होता. फाइल लहान केली म्हणून आकडा बदलला असेल असे त्याला वाटले, आणि मीही मान डोलावली. पण दोन्हीकडे फाइल भुसावळ या शब्दानेच सुरू होत होती, आणि शेपूट छाटल्याने सुरुवातीचे अंतर बदलत नाही. भ चे तीन बाइट म्हणजे 0, 1, 2. उकाराचे 3, 4 आणि 5. त्यामुळे 5 हा आकडा बरोबर होता. मूळ फाइलीत 8 आला याचा अर्थ शब्दाच्या आधी तीन बाइट होते.

हा आकडा प्रत्येक वेळी इतका सरळ नसतो. मोठी फाइल ओळीओळीने वाचताना पायथन ती तुकड्यांत उघडते आणि position त्या तुकड्यापासून मोजते. आमच्या बाबतीत दोष पहिल्याच शब्दात होता, म्हणून मोजणी फाइलीच्या सुरुवातीपासून होती.

प्रश्नात दोन वाक्ये आणखी हवी होती: "मूळ फाइल एक्सेलमधून CSV UTF-8 म्हणून जतन केली आहे. तिच्यावर हीच एरर position 8 ला येते." ही वाक्ये असती तर उत्तर देणाऱ्याने पहिल्याच उत्तरात `utf-8-sig` लिहिले असते आणि ताईंना एका संध्याकाळी रावेरची बेरीज हाताने करावी लागली नसती.

आणि फाइलीचे सुरुवातीचे बाइट पाहायला एकच ओळ पुरली असती. ती आम्ही नंतर चालवली:

```python
print(open("bhusawal.csv", "rb").read(12))
```

```
b'\xef\xbb\xbf\xe0\xa4\xad\xe0\xa5\x81\xe0\xa4\xb8'
```

शून्यापासून मोजत गेले की `\x81` आठव्या जागी सापडतो.